सुरण घशाला का लागतो आणि चिंच नेमकं काय करते

सुरणाची भाजी दिसायला उत्तम होते, चवही चांगली असते, आणि दुसऱ्या घासानंतर घशात टोचायला लागतं. चिंच तर घातलेली असते. मग सगळे म्हणतात, "चिंच कमी पडली." बऱ्याचदा तसं नसतं. चिंच पुरेशी असते, सुरण कच्चा राहिलेला असतो. आणि तो कच्चा राहण्याला थोडीफार चिंचही कारणीभूत असू शकते. हे उलटं वाटेल, म्हणून आधी खाज येते कुठून ते पाहू.

सुरणाच्या गड्ड्यात काही खास पेशी असतात. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेट या पदार्थाचे, दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेले सुईसारखे स्फटिक जुडी बांधल्यासारखे भरलेले असतात. ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. सुरण चिरला, किसला किंवा चावला की या पेशी फुटतात आणि सुया बाहेर पडून जिभेच्या, गालाच्या, घशाच्या मऊ कातडीत घुसतात. वनस्पतीने जनावरांपासून गड्डा वाचवण्यासाठी केलेली ही सोय आहे. अळू, शेवळं आणि घरात शोभेला ठेवलेली डिफेनबाखिया या सगळ्यांचा हाच प्रकार, कारण ही सगळी एकाच कुळातली झाडं.

पण नुसती टोचणी एवढी आग करत नाही. सुयांबरोबर काही प्रथिनंही असतात. सुईने पाडलेल्या बारीक भोकातून ती आत जातात आणि खाज, आग, सूज सुरू होते. सुई वाट करून देते, प्रथिन आग लावतं, असं समजा.

सुई आणि प्रथिन यांत उष्णतेला कोण बधतं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. सुया उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. नीट शिजलेल्या, अजिबात न खाजणाऱ्या अळकुड्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर त्यांतही स्फटिक दिसतात. प्रथिनं मात्र उष्णतेने बिघडतात, अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर बदलतो तशी, आणि एकदा बिघडली की परत पूर्वीसारखी होत नाहीत. म्हणजे सुरणाची खाज घालवण्याचं मुख्य काम आच करते. ती प्रत्येक फोडीच्या अगदी मध्यापर्यंत पोचली पाहिजे आणि तिथे काही वेळ टिकली पाहिजे. मध्यात मटाराएवढा भाग जरी कच्चा राहिला तरी तेवढा घास घशाला लागायला पुरतो.

चिंचेबद्दलचा गैरसमज

चिंचेतलं आम्ल त्या सुया विरघळवून टाकतं, असं सर्रास सांगितलं जातं. हे फार थोड्या प्रमाणात खरं आहे. कॅल्शियम ऑक्झलेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि व्हिनेगरमधल्या आम्लातही नाही. ते विरघळवायला प्रयोगशाळेतलं हायड्रोक्लोरिक आम्लासारखं तीव्र आम्ल लागतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल ऑक्झॅलिक आम्लापेक्षा सौम्य आहे, त्यामुळे ते ऑक्झलेटला कॅल्शियमपासून सहज सोडवू शकत नाही. त्यात पातेल्यात आपण जी चिंच घालतो ती दीड लिटर पाण्यात लिंबाएवढी. इतक्या पातळ आंबट पाण्यात पाव तासात सगळ्या सुया वितळतील ही आशा धरू नये.

तरीही चिंच घालणं योग्यच आहे. आंबट पाणी आणि आच यांनी प्रथिनं नुसत्या पाण्यापेक्षा लवकर बिघडतात. दुसरं म्हणजे चिरताना फोडींच्या पृष्ठभागावर फुटलेल्या पेशींमधला चिकट रस आणि सुट्या झालेल्या सुया चिंच-मिठाच्या पाण्यात निघून येतात. ते पाणी टाकून दिलं की खाजेचा एक हिस्सा त्याच्याबरोबर मोरीत जातो. आणि जे थोडंसं उरतं त्याची चुणचुण आंबट रश्शात कमी जाणवते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

आता अडचणीची बाजू. भाजी शिजून मऊ होते म्हणजे तिच्या पेशींना एकमेकींशी जोडणारा पेक्टिन नावाचा गोंद सुटतो. किंचित आंबट पाण्यात हा गोंद सुटायला तयार नसतो. बटाटे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात उकडले तर ते अखंड राहतात पण मऊ व्हायला वेळ घेतात, हे त्यामुळेच. सुरणाचंही अगदी तसंच होतं. साध्या पाण्यात ज्या फोडी बारा मिनिटांत मऊ झाल्या असत्या, त्यांना चिंचेच्या पाण्यात सतरा-अठरा मिनिटं लागू शकतात. सवयीने बाराव्या मिनिटाला गॅस बंद केला, तर चिंच असूनही भाजी खाजते. मग पुढच्या वेळी चिंच दुप्पट केली जाते, फोडी आणखी टणक राहतात आणि खाज आणखी वाढते. ही साखळी तोडायची असेल तर चिंच वाढवण्यापेक्षा वेळ वाढवायला हवा.

यातून एक सोपा नियम निघतो. उकडताना चिंच बेताची, उकडायचं मात्र मऊ होईपर्यंत, आणि चवीचा आंबटपणा फोडी शिजल्यावर वरून वाढवायचा.

चिरण्याआधी

सुरण आणल्यावर तो लगेच धुवायचा मोह टाळा. माती कोरड्या फडक्याने किंवा ब्रशने झटका. ओल्या सुरणाचा रस हातभर पसरतो आणि ओल्या कातडीला जास्त खाज येते. हातांना, विशेषतः बोटांच्या बेचक्यात आणि मनगटापर्यंत, खोबरेल किंवा गोडं तेल चोळा. तेलाचा थर सुया आणि रस दोन्ही कातडीपासून लांब ठेवतो. हातमोजे असतील तर आणखी बरं. चिरत असताना चेहऱ्याला, डोळ्यांना हात लावू नका.

साल बटाट्यासारखी पातळ काढून चालत नाही. सुरीने अर्धा सेंटिमीटर जाड काढावी, खालच्या मुळांच्या खुणा आणि वरचा कोंबाचा डोळा यांच्याभोवती त्याहून खोल. सालीखाली मातीचे कण आणि कडक थर राहिला तर तो भाग बाकीच्या फोडींबरोबर शिजत नाही. सातशे ग्रॅमचा तुकडा आणला तर साफ केल्यावर साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास उरतो. सोललेला सुरण आता धुतला तरी चालेल, पण मोठ्या तुकड्यातच धुवा, फोडी करण्याआधी.

फोडी एकसारख्या हव्यात आणि इथे चालढकल नको. रसभाजीसाठी दोन ते अडीच सेंटिमीटरचे चौकोन पुरेत. एक फोड तीन सेंटिमीटरची आणि शेजारची एकाची असेल, तर बारकी फोड विरघळायला लागते तेव्हा मोठी आतून कच्ची असते. ताटात खाजणारी फोड बहुतेक वेळा हीच मोठी फोड असते.

बाजारात मिळणाऱ्या सगळ्या सुरणांची खाज सारखी नसते. आंध्र प्रदेशात कोव्वुरला तयार झालेला गजेंद्र हा वाण आणि तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेचा श्री पद्मा, हे मुद्दाम कमी खाजेसाठी निवडलेले वाण आहेत. शहरांत मिळणारा मोठा, गुळगुळीत सुरण बरेचदा गजेंद्र असतो. रानातला किंवा परसातला जुना गावठी सुरण मात्र चांगलाच खाजरा निघू शकतो. म्हणून एकाच पाककृतीने एकदा जमलं आणि पुढच्या वेळी घसा धरला, असं होतं. विक्रेत्याला "खाजरा आहे का?" असं सरळ विचारावं. आणि सुरण कुठला आहे ते कळत नसेल तर तो खाजरा आहे असं धरूनच शिजवावा.

अर्धा किलो सुरणाचे काप, पहिल्यापासून

काप हे उदाहरण मुद्दाम घेतलं आहे, कारण खाज राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त यातच असते. कोकणात आणि गोव्यात ते तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तव्यावर भाजतात. कच्चा काप थेट तव्यावर टाकला तर बाहेरचा रवा पाच मिनिटांत लालबुंद होतो आणि आतला सुरण तोवर जेमतेम गरम झालेला असतो. गजेंद्रच्या पातळ कापांना हे खपून जातं, गावठी सुरणाला नाही.

साफ केलेल्या अर्धा किलो सुरणाचे सात-आठ मिलिमीटर जाडीचे काप करा. तीस ग्रॅम चिंच, म्हणजे साधारण छोट्या लिंबाएवढा गोळा, अर्धी वाटी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि दाट कोळ काढून त्याचे दोन भाग करा. पहिल्या भागात एक चमचा मीठ आणि अर्धा चमचा हळद कालवून ते कापांना दोन्ही बाजूंनी चोळा आणि वीस मिनिटं ठेवा. मिठामुळे कापांना पाणी सुटतं. ते ताटात साठलेलं पाणी चिकट आणि ढगाळ दिसेल. ते ओतून टाका आणि काप एकदा पाण्यातून काढा.

आता स्टीलच्या पातेल्यात दीड लिटर पाणी खळखळून उकळा. त्यात दीड चमचा मीठ आणि उरलेला चिंचेचा कोळ घाला. पाणी पुन्हा उकळलं की काप सोडा. गार पाण्यात घालून चढवू नका, कारण मग किती वेळ शिजले याचा अंदाज राहत नाही. झाकण न ठेवता मध्यम आचेवर शिजू द्या. आठव्या मिनिटाला एक काप बाहेर काढून तो मधोमध मोडून पाहा. कच्च्या भागाचा रंग पांढुरका, खडूसारखा, अपारदर्शक असतो. शिजलेला भाग थोडा पिवळसर, ओलसर आणि काहीसा अर्धपारदर्शक दिसतो. मध्ये पांढरी रेघ दिसत असेल तर अजून तीन-चार मिनिटं. सुरी अडखळली तरी तेच. जाडी सात-आठ मिलिमीटर असेल तर बहुधा दहा ते चौदा मिनिटांत काम होतं. काप तुटेल इतका मऊ नको, पण सुरीला विरोध करणारा मुळीच नको.

पाणी काढून टाका, काप कोरड्या फडक्यावर पसरा आणि गार होऊ द्या. हे उकडलेलं पाणी आमटीत किंवा रश्शात वापरू नका. खाजेचा जो भाग बाहेर आला तो याच पाण्यात आहे.

पुढे तव्यावर जाण्याआधी चवीची कसोटी घ्यावी. शेंगदाण्याएवढा तुकडा पुढच्या दातांनी चावून जिभेच्या टोकावर ठेवा, गिळू नका, आणि दोन-तीन मिनिटं थांबा. खाज लगेच येत नाही, म्हणून चटकन निर्णय घेऊ नका. जीभ चुणचुणली तर तुकडा थुंकून चूळ भरा आणि काप पुन्हा नव्या उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं टाका. यावेळी पाण्यात चिंच नको, नुसतं मीठ. आता आंबट पाण्याची नाही, मऊ होण्याची गरज आहे.

शेवटी दोन चमचे लाल तिखट, पाव चमचा हळद, चवीपुरतं मीठ आणि एक चमचा आमसुलाचं आगळ यांचं मिश्रण कापांना लावा. तीन चमचे रवा आणि तीन चमचे तांदळाचं पीठ एकत्र करून त्यात घोळवा आणि तव्यावर थोड्या तेलात प्रत्येक बाजू चार मिनिटं भाजा. आत सुरण शिजलेला असल्यामुळे तव्याला आता फक्त कुरकुरीत करण्याचंच काम उरतं, आणि रंग पाहून काप उतरवता येतात.

रसभाजीलाही हेच प्रमाण. दीड लिटर पाण्याला पंधरा ग्रॅम चिंचेचा कोळ, अडीच सेंटिमीटरच्या फोडी, पंधरा ते वीस मिनिटं, आणि मग फोडी फोडणीत. चिंच-गुळाचा रस्सा करायचा असेल तर उरलेली चिंच आता मोकळ्या हाताने घाला, कारण फोडी आधीच मऊ झाल्या आहेत.

चिंच नसेल तेव्हा

आमसूल चांगलं चालतं. अर्धा किलो सुरणाला आठ-दहा आमसुलं पाण्यात घालून त्यातच फोडी उकडाव्यात. पाण्याला गुलाबी रंग येतो आणि फोडीही तशाच रंगतात, त्याने बिघडत काही नाही. ताक वापरायचं असेल तर चांगलं आंबट हवं. त्यात फोडी अर्धा तास बुडवून ठेवायच्या आणि मग साध्या पाण्यात उकडायच्या. ताकात उकडायला गेलं तर ते फाटतं आणि फोडींना चिकटतं. लिंबाचा रस एका लिटरला दोन लिंबं या हिशोबाने चालतो. उपवासाला सुरण खाणाऱ्या घरांत चिंच चालत नसेल, तर तिथे आमसूल किंवा लिंबू सोयीचं.

खाण्याचा सोडा मात्र घालू नका. सोड्याने फोडी भराभर मऊ होतात हे खरं, पण तो चिंचेचं आम्ल मारून टाकतो आणि फोडी बाहेरून लगदा, आतून कच्च्या अशा होतात. दोन्ही एकत्र घालणं म्हणजे दोन्ही वाया घालवणं.

भांड्याचंही पाहायला हवं. चिंच किंवा आमसुलाच्या पाण्यात लोखंडी कढई काळी पडते आणि भाजीलाही काळपट रंग व कडवट लोखंडी चव येते. कल्हई नसलेलं पितळ आणि ॲल्युमिनियम आंबट पाण्याला नकोच. स्टील सगळ्यात बिनधास्त.

कुकरबद्दल बरेच जण विचारतात. कुकरच्या तापमानात सुरण नक्कीच आतपर्यंत शिजतो, तिथे शंका नाही. पण डब्यात पाणी न घालता नुसता वाफवला तर बाहेर आलेला रस टाकून द्यायला वाटच राहत नाही. म्हणून फोडी बुडतील इतकं चिंचेचं पाणी घालून एक शिटी काढावी, वाफ आपोआप जाऊ द्यावी आणि मग पाणी ओतून टाकावं. दोन शिट्यांनंतर फोडी बोटांत धरता येत नाहीत, त्या कोफ्त्यासाठी ठीक आहेत, कापांसाठी नाही.

पावसाच्या सुरुवातीला ठाणे, पालघर, रायगडकडे विकायला येणारं शेवळं हे सुरणाचंच रानटी भावंड आहे आणि त्याची खाज सुरणापेक्षा कडक. तिथे लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे काकडं, एका रानझाडाची आंबट फळं. शेवळ्याच्या जुडीबरोबर विकणाऱ्या बायका बरेचदा काकडंही देतात. तिथेही भाजी आंबट रसात बराच वेळ शिजवतात, नुसता रस वरून पिळत नाहीत. सुरणासाठी सांगितलेली सगळी गोष्ट त्या एका पद्धतीत आहे.

तरीही लागलाच तर

घसा खवखवायला लागला तर खाणं लगेच थांबवा. आमसुलाचा तुकडा चोखा किंवा लिंबाच्या पाण्याने चूळ भरा, मग गार ताक किंवा दूध घोट घोट घ्या. बहुतेक वेळा अर्ध्या-एक तासात आग ओसरते. हात खाजत असतील तर आधी कोरड्या फडक्याने पुसा, तेल किंवा चिंचेचा कोळ चोळा आणि मग साबणाने धुवा. डोळ्यात रस गेला तर तेल, चिंच काहीही न घालता स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. जीभ किंवा ओठ सुजले, गिळता येईना, आवाज बसला किंवा श्वासाला त्रास झाला, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

ज्यांना ऑक्झलेटचे मूतखडे झालेले आहेत त्यांच्यासाठी एक वेगळी बाब आहे. उकडून पाणी टाकल्याने पाण्यात विरघळणारा ऑक्झलेट कमी होतो, पण सुयांमधला ऑक्झलेट फोडीतच राहतो. त्यामुळे न खाजणारा सुरण म्हणजे ऑक्झलेट नसलेला सुरण नव्हे. अशा व्यक्तींनी सुरण किती खावा हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.